जीएसटी अपील: दहा टक्के नेमके कशाचे, भरायचे कुठून आणि शेवटची तारीख कोणती?

अमळनेरकर_पाईपवाला · ४ मार्च २०२६

नमस्कार मंडळी. अमळनेरला माझं पीव्हीसी पाईप, ठिबकचं साहित्य आणि मोटारपंपाचं छोटं दुकान आहे. २०२१-२२ या वर्षासाठी कलम ७३ खाली माझ्याविरुद्ध डीआरसी-०७, म्हणजे मागणीची ऑर्डर, निघाली आहे. ऑर्डर १८ डिसेंबर २०२५ ची, पोर्टलवर त्याच दिवशी चढवलेली. जुन्या हिशेबनीसाचा ईमेल आणि मोबाईल नंबर नोंदणीत होता, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. नवीन माणसाने फेब्रुवारीत लॉगिन केलं तेव्हा ती `View Additional Notices and Orders` मध्ये सापडली.

मागणी अशी आहे: टॅक्स ३,६०,००० (सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा-निम्मा), व्याज २,४३,०००, दंड ३६,०००. एकूण ६,३९,०००. कारण इनपुट क्रेडिट. यातल्या ३ लाखांच्या क्रेडिटची बिलं, बँकेतून दिलेले पैसे, माल आल्याच्या पावत्या सगळं माझ्याकडे आहे. पुरवठादाराने रिटर्नमध्ये ती बिलं चुकीच्या ठिकाणी दाखवली म्हणून २ए मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खरेदीच्या यादीत, दिसली नाहीत. उरलेल्या ६०,००० बद्दल मला भांडता येणार नाही. गोदाम बांधलं तेव्हाच्या सिमेंट आणि सळईवरचं क्रेडिट जुन्या हिशेबनीसाने घेतलं होतं.

मला अपील करायचंच आहे. कोणी म्हणतो आधी ६३,९०० भरा, कोणी म्हणतो ३६,०००. हिशेबनीस म्हणतो सगळं रोख लागेल. आणि तीन महिने कधीपासून धरायचे, ऑर्डर निघाल्यापासून की मला दिसल्यापासून?

---

दोंडाईचा_ट्रेडर्स · ४ मार्च

भाऊ, एकूण मागणीच्या दहा टक्के भरावे लागतात, म्हणजे ६३,९००. चलन काढा, भरा आणि अपिलाला जोडा. पण माझं ऐकाल तर आधी कलम १६१ चा दुरुस्तीचा अर्ज टाका. तो निकाली निघेपर्यंत अपिलाची मुदत थांबते, घाई नको. त्याला एक पैसाही आधी भरावा लागत नाही.

---

पारोळा_किराणा · ४ मार्च

अभय योजनेत बसतं का ते बघा ना. माझ्या मेहुण्याचं व्याज आणि दंड दोन्ही माफ झालं, नुसता टॅक्स भरला.

---

खतावणी · ५ मार्च

अमळनेरकर भाऊ, मी जळगावला जीएसटीचीच कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी तारीख, कारण तुमच्याकडे दिवस कमी आहेत.

तीन महिने ऑर्डर तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि पोर्टलवर उपलब्ध करून देणं हीदेखील कायद्याने कळवण्याचीच रीत आहे. १८ डिसेंबरचा दिवस सोडून कॅलेंडरचे तीन महिने धरले तर १८ मार्च येते. यंदा पाडवा १९ ला आहे, म्हणजे बरोबर आदल्या दिवशी. नुसतं पोर्टलवर टाकणं पुरेसं नाही असं म्हणणारे काही हायकोर्टांचे निकाल आहेत हे खरं. पण तो मुद्दा मुदत गेलेल्या माणसाने लढवायचा असतो. तुमची मुदत अजून शिल्लक आहे. फेब्रुवारीपासून मोजायचा विचार मनातून काढून टाका.

१८ मार्चनंतर आणखी एक महिना, म्हणजे १८ एप्रिलपर्यंत, सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. तो देणं न देणं अपील अधिकाऱ्याच्या हातात आहे, आणि त्यापुढे एक दिवसही माफ करायचा अधिकार त्यांच्याकडे नाही. त्या जादा महिन्यात आणखी एक धोका असतो. ऑर्डरचे पैसे भरायची मुदतही तीन महिन्यांचीच आहे. ती उलटली की वसुली सुरू करता येते, बँकेला पत्र जाऊ शकतं. अपील दाखल झालं आणि आधी भरायची रक्कम भरली की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते, वेगळा स्थगितीचा अर्ज लागत नाही. पण दाखल झाल्यावर, त्याआधी नाही.

दोंडाईचाचे दादा, १६१ चा अर्ज टाकायला हरकत नाही, पण त्याने कलम १०७ ची, म्हणजे अपिलाची, मुदत थांबते असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑर्डरमध्ये बेरीज चुकली, एकच रक्कम दोनदा धरली अशी कागदावर उघड दिसणारी चूक असेल तर तो अर्ज उपयोगाचा. पुरवठादाराने बिल चुकीच्या ठिकाणी दाखवलं हा पुराव्याचा मुद्दा आहे, तो तिथे टिकणार नाही. आणि अर्ज फेटाळला जाईपर्यंत अपिलाची वेळ निघून गेलेली असते. अशी माणसं माझ्याकडे येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं, त्याचं फार वाईट वाटतं.

पारोळ्याचे भाऊ, ती योजना २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपुरतीच होती. यांचं वर्ष २०२१-२२ आहे.

---

खतावणी · ५ मार्च

आता रक्कम. दहा टक्के फक्त वादातल्या टॅक्सचे. व्याज आणि दंड त्या दहा टक्क्यांत येत नाहीत. म्हणून ६३,९०० हा आकडा चूक.

पण ३६,००० सुद्धा तुमच्या बाबतीत आपोआप बरोबर ठरत नाही. कायद्यात दोन भाग आहेत. जे तुम्ही कबूल करता ते पूर्ण भरायचं, टॅक्स, व्याज, दंड सगळ्यासकट. आणि जो टॅक्स कबूल नाही त्याचे दहा टक्के भरायचे. तुम्ही वर स्वतःच लिहिलंय की ६०,००० वर भांडता येणार नाही. ते कबूल केले तर ६०,००० टॅक्स, त्यावरचं ऑर्डरमधलं व्याज ४०,५०० आणि दंड ६,००० असे १,०६,५०० होतात. त्यात उरलेल्या ३ लाखांचे दहा टक्के ३०,०००. एकूण १,३६,५००. काहीच कबूल केलं नाही तर ३६,०००.

---

दोंडाईचा_ट्रेडर्स · ५ मार्च

ताई, मग सरळ काहीच कबूल करू नका असंच सांगा ना. आज एक लाख वाचतात. सीझन तोंडावर आहे, पाईपच्या धंद्यात आत्ताच माल भरावा लागतो.

---

खतावणी · ५ मार्च

दादा, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि सगळंच वादात ठेवणारे पुष्कळ जण असतात. मी तसं सुचवत नाही. गोदामाच्या बांधकामावरचं क्रेडिट कलम १७(५) मध्ये स्पष्ट बंद आहे. त्यावर हरायचंच असेल तर निकाल लागेपर्यंत ६०,००० वर वर्षाला १०,८०० व्याज चढत राहतं. शिवाय कमजोर मुद्दा चांगल्या मुद्द्याशेजारी ठेवला की सुनावणीत अधिकाऱ्याचा वेळ त्या कमजोर मुद्द्यावरच जातो.

पण अमळनेरकर भाऊ, पैसे भरायच्या आधी एक गोष्ट तपासा. चुकीच्या क्रेडिटवर व्याज ते वापरलं गेलं असेल तरच लागतं. क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या चुकीच्या रकमेच्या खाली कधीच गेली नसेल तर व्याज नाही. खाली गेली असेल तर जितकी खाली गेली तितक्यावर, आणि तेव्हापासून. तुमचं चुकीचं क्रेडिट सीजीएसटीत ३०,००० आणि एसजीएसटीत ३०,००० आहे. ज्या महिन्यात ते घेतलं तेव्हापासून आजपर्यंतचं क्रेडिट लेजर डाउनलोड करा आणि दोन्ही हेडची शिल्लक ३०,००० च्या खाली कधी गेली ते बघा. पोर्टल एका वेळी सगळी वर्षं देत नाही, तुकड्यातुकड्याने काढावं लागेल.

टॅक्स कबूल आणि त्यावरचं व्याज नाकबूल असं वेगळं करता येतं. आणि नाकबूल व्याजावर दहा टक्के लागत नाहीत.

---

तापीकाठचा_जिनिंगवाला · ५ मार्च

यात माझाही प्रश्न. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर विकणाऱ्याऐवजी आम्हालाच टॅक्स, म्हणजे आरसीएम, भरावा लागतो. माझी ऑर्डर त्याचीच आहे. आधी भरायचे दहा टक्के क्रेडिट लेजरमधून चालतील का? भाऊंचा हिशेबनीस रोखच म्हणतोय, माझा म्हणतो क्रेडिट चालतं.

---

खतावणी · ६ मार्च

दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

अमळनेरकरांची मागणी साध्या टॅक्सची आहे. तिथे दहा टक्के क्रेडिट लेजरमधून भरता येतात. ओरिसा हायकोर्टाने २०२१ मध्ये नाही म्हटलं होतं, रोखीचा आग्रह धरणारे अजून तोच निकाल दाखवतात. पण जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या बोर्डाने परिपत्रक काढलं की कारवाईतून निघालेला आउटपुट टॅक्सही क्रेडिटमधून भरता येईल. त्याच वर्षी सप्टेंबरात ओएसिस रिअल्टीच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने अपिलाआधीची रक्कमही तशी भरता येईल असं सांगितलं. आपण महाराष्ट्रातले, आपल्यावर तो निकाल लागू. पुढे गुजरातच्या अशाच निकालाविरुद्ध खातं सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही २०२५ मध्ये त्यांना यश आलं नाही. व्याज आणि दंड मात्र रोखच. त्यात वाद नाही.

जिनिंगवाले दादा, त्याच परिपत्रकात आरसीएमचा टॅक्स क्रेडिटमधून भरता येणार नाही असंही लिहिलंय. अपिलाआधीची रक्कम हा टॅक्स नव्हे, म्हणून तिला ही अट लागू नये, असा युक्तिवाद करणारे आहेत. मी माझ्या अशिलाला रोखच भरायला सांगते. दहा टक्क्यांच्या वादात अख्खं अपील अडकवायची माझी तयारी नसते.

---

शिरपूर_नाना · ६ मार्च

ताई, माझ्या पोराचा मिरचीचा ट्रक ई-वे बिल संपलं म्हणून अडवला होता. तेव्हा वकील म्हणाला पंचवीस टक्के लागतील. तुम्ही तर दहाच म्हणता.

---

खतावणी · ६ मार्च

नाना, अडवलेल्या मालाची, कलम १२९ ची ऑर्डर ही दंडाची असते. तिथे पूर्वी दंडाच्या पंचवीस टक्के भरावे लागत. १ ऑक्टोबर २०२५ पासून ज्या ऑर्डरमध्ये टॅक्सच नाही, नुसता दंड आहे, तिथे दंडाच्या दहा टक्के झाले. तुमच्या प्रकरणाच्या तारखा आणि गाडी सोडवताना काय भरलं ते पाहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

---

अमळनेरकर_पाईपवाला · ८ मार्च

ताई, लेजर काढलं. सीजीएसटीची शिल्लक तेव्हापासून कधीच ३०,००० च्या खाली गेलेली नाही. एसजीएसटीची एकदाच गेली, दिवाळीच्या वेळी. ऑक्टोबर २०२३ चं रिटर्न २० नोव्हेंबर २०२३ ला भरलं तेव्हा शिल्लक ११,००० झाली होती. नंतर पुन्हा ३० च्या वर आली.

आज क्रेडिटची शिल्लक सीजीएसटीत ५२,००० आणि एसजीएसटीत ३१,००० आहे. आयजीएसटीत काही नाही. मला सीजीएसटीचं जास्तीचं क्रेडिट एसजीएसटीकडे वळवता येईल का?

---

खतावणी · ८ मार्च

नाही, सीजीएसटीच्या क्रेडिटमधून एसजीएसटी भरता येत नाही. आयजीएसटीत शिल्लक असती तर चाललं असतं.

तुमचा हिशेब आता असा होतो. एसजीएसटीत ३०,००० हवे होते, ११,००० राहिले, म्हणजे १९,००० वापरले गेले. नंतर शिल्लक वर आली तरी मी व्याज पैसे भरेपर्यंतचं धरते, त्यात पुढे कोणी बोट ठेवत नाही. २० नोव्हेंबर २०२३ पासून १० मार्चपर्यंत ८४१ दिवस, १८ टक्क्यांनी साधारण ७,८८० रुपये. ऑर्डरमध्ये याच भागावर ४०,५०० लावलेत. फरकाचं व्याज वादात ठेवा आणि लेजरची पानं अपिलाला जोडा.

कबुलीचा टॅक्स ६०,००० आणि वादातल्या टॅक्सचे ३०,००० मिळून ९०,०००, दोन्ही हेडला ४५,०००. सीजीएसटीचे ४५,००० पूर्ण क्रेडिटमधून जातील. एसजीएसटीचे ३१,००० क्रेडिटमधून, १४,००० रोख. त्यात व्याज ७,८८० आणि दंड ६,००० रोख. म्हणजे रोख २७,८८० आणि क्रेडिट ७६,०००, एकूण १,०३,८८०.

निर्णय घेण्याआधी एक पाहून ठेवा. फेब्रुवारीचं ३बी रिटर्न २० मार्चला आहे. क्रेडिट इथे वापरलं की तिथे त्या प्रमाणात रोख लागेल.

---

भुसावळ_जंक्शन · ८ मार्च

चलन काढताना जपा हो. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने सगळे पैसे एसजीएसटीच्या `Tax` खान्यात टाकले. दंड भरायला गेला तर पोर्टल शिल्लक शून्य दाखवतंय. पैसे लेजरमध्ये होते, पण `Penalty` च्या खान्यात नव्हते. मग पीएमटी-०९ ने हलवावे लागले. तुम्ही चलनातच टॅक्स, व्याज, दंड वेगळे टाका. आणि एनईएफटीने भरणार असाल तर शेवटचा दिवस गाठू नका, बँकेकडून लेजरमध्ये यायला वेळ लागतो. नेट बँकिंग बरं.

माझं स्वतःचं सांगते. तपासणी चालू असताना मी डीआरसी-०३ ने रक्कम भरली होती, नंतर ऑर्डर निघाली. अपील करताना पोर्टल ती धरेच ना. शेवटी डीआरसी-०३ए भरून ती त्या ऑर्डरला जोडली, तेव्हा कुठे मागणीसमोर दिसली. कोणी आधी असं भरलं असेल तर अपिलाच्या आधी जोडून घ्या.

---

अहिराणी_माणूस · ९ मार्च

भाऊ, दहा टक्का बठ्ठावर नई, फक्त टॅक्सवर शे, हाई ध्यानमा ठेवा. आमना गावना दोन जण बठ्ठावर भरी बसनात.

---

अमळनेरकर_पाईपवाला · ९ मार्च

पोर्टलवर `Services > User Services > My Applications` मध्ये जाऊन `Appeal to Appellate Authority` घेतलं, ऑर्डर नंबर टाकल्यावर मागणीचे आकडे आपोआप आले. कबूल रकमेच्या खान्यात हेडप्रमाणे टॅक्स, व्याज, दंड भरले. ३ लाखांसमोर ३०,००० बरोबर येतंय. पैसे बाहेरूनच `Payment towards Demand` मधून भरू की इथेच?

---

खतावणी · ९ मार्च

इथेच. चलनाने रोख फक्त कॅश लेजरमध्ये आणा. अपिलाच्या अर्जात पुढे गेलात की तिथेच रोख आणि क्रेडिट किती वापरायचं ते विचारतं. बाहेरून भरलं तर ते अपिलाशी जोडण्याचं काम मागे लागतं.

भरण्याआधी कबुलीची पाटी पुन्हा एकदा वाचा. माणसं घाईत वादाचा आकडा कबुलीत टाकतात, आणि मग पोर्टल पूर्ण ३ लाख मागतं. आकडा खूप मोठा दिसला तर तिथेच थांबा, भरू नका. कळवल्याच्या तारखेत १८ डिसेंबर २०२५ टाका. अपिलाची कारणं साच्यात लिहून पीडीएफ जोडायची असतात, त्यात लेजरचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात येऊ द्या. ऑर्डर पोर्टलवरच असल्याने तिची प्रमाणित प्रत नंतर नेऊन द्यायची गरज राहिलेली नाही. आणि आधी तो ईमेल, मोबाईल बदलून स्वतःचा घाला. सुनावणीची नोटीसही तिथेच येणार आहे.

---

दोंडाईचा_ट्रेडर्स · १० मार्च

ताई, टॅक्सचं कळलं, माझं चुकत होतं. पण मी अजूनही म्हणतो की भाऊंनी ६०,००० सुद्धा वादात ठेवायला हवे होते. अपिलात ऑर्डरच मुळात रद्द झाली, नोटीस नीट बजावली नाही म्हणून, तर कबूल केलेलं परत मिळणार नाही. दहा टक्के मात्र व्याजासकट परत मिळतात.

---

खतावणी · १० मार्च

हा मुद्दा तुम्ही बरोबर धरलात. जिंकल्यावर अपिलाआधीची रक्कम, भरल्या तारखेपासूनच्या व्याजासह परत मिळते. कबूल करून भरलेलं त्यात येत नाही. नोटीस जुन्या हिशेबनीसाच्या ईमेलवर गेली हे कारण कितपत टिकेल, याबद्दल मला खात्री देता येत नाही. नोंदणीत तोच पत्ता होता. म्हणून मी कबुलीच्या बाजूने आहे. दुसरा सल्लागार कदाचित तुमच्यासारखं म्हणेल.

---

अमळनेरकर_पाईपवाला · ११ मार्च

घरी बसून विचार केला. गोदामाचं क्रेडिट माझं नव्हतंच, ते मी भरलं. काल रात्री नेट बँकिंगने २७,८८० कॅश लेजरमध्ये आणले, खाने वेगवेगळे करून. क्रेडिटमधून ७६,००० गेले, पोर्टलने काही अडवलं नाही. ओटीपीने अपील दाखल झालं, तात्पुरती पोच मिळाली. अंतिम पोच, म्हणजे एपीएल-०२, अजून यायची आहे.

एक शंका राहिली. १८ मार्चनंतर कोणी बँकेला वसुलीचं पत्र पाठवलंच तर काय दाखवायचं?

---

खतावणी · ११ मार्च

तात्पुरती पोच आणि पैसे भरल्याचं लायबिलिटी रजिस्टरचं पान, दोन्ही आजच छापून ठेवा. ऑर्डर पोर्टलवरची असल्याने अपील दाखल झाल्याची तारीख तात्पुरत्या पोचेचीच धरली जाते, एपीएल-०२ उशिरा आली तरी. शक्य असेल तर दोन्हीच्या प्रती साध्या पत्रासोबत ऑर्डर काढणाऱ्या कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्या. अपील झालंय हे त्या टेबलवर माहीत नसतं म्हणूनच बऱ्याचदा बँकेला पत्रं निघतात.

---

तापीकाठचा_जिनिंगवाला · ११ मार्च

ताई, आरसीएमचे दहा टक्के मी रोखीनेच भरतो आहे. पण क्रेडिटमधून भरून कोणाचं अपील स्वीकारलं गेलं असेल तर इथे लिहा मंडळी, आमच्या भागात बऱ्याच जिनिंगवाल्यांना अशा ऑर्डर आल्या आहेत.